दुहेरी टाका

"चिकटवून थांबायचं नाही, पोरींनो. वरून दुहेरी टाका घालायचा. सोल्युशन नुसता हात धरतं, टाका शेवटपर्यंत सोबत करतो."

वडिलांना जाऊन आठ वर्षं झाली, तरी धाकटीनं सोल्युशनचा डबा उघडला की आधी हा आवाज बाहेर यायचा, मग वास.

इस्पितळामागच्या गल्लीत दोघी बहिणींची बुटांची दुकानं समोरासमोर. वाटणीत शिलाईचं यंत्र ताईकडे गेलं. तिचे बूट शिवलेले, नऊशेला. तीन वर्षं ढिम्म हलत नसत. डॉक्टर, मोठ्या नर्सबाई तिच्याकडे. धाकटीचे नुसते चिकटवलेले, चारशेला. आठव्या महिन्यात तळ सुटायचा. वॉर्डातल्या मावश्या, पहारेकरी तिच्याकडे. दोघींच्या चुली नीट पेटत होत्या.

वॉर्डातली एक ठेंगणी मावशी मात्र फाटका बूट घेऊनच यायची. "बघा बाई, तुमचा बूट परत हसायला लागला! फरशी धुताना पाणी आत शिरतं, बोटाची जखम सुकत नाही. मला साखर आहे ना."

धाकटीला लाजल्यासारखं झालं. "पुढचा जोड शिवलेला देईन, मावशी. शब्द."

"द्या की. पण साडेचारशेच्या वर माझी उडी नाही हं!"

"नाही जाणार वर."

धाकटीनं जुनं यंत्र विकत घेतलं आणि चिकटवलेले बूट बंद केले. हिशोब सरळ वाटला होता: सुरुवातीला साडेसहाशे लावू, ताईकडचीही माणसं वळतील, माल वाढेल, चामडं घाऊक मिळेल, मग भाव मावशीच्या उडीत आणू.

माणसं वळलीही. पण दोघींना शिकवणारा हात एकच. टाका तोच, टाचेची गोलाई तीच. एका डॉक्टरांनी दोन्हीकडचा एकेक बूट शेजारी ठेवला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "यातला स्वस्त कुठला?" बघण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

ताईनं सहाशे केले. धाकटीनं पावणेसहाशे. ताईनं साडेपाचशे. चामडं, दोरा, कारागिराची मजुरी धरून जोड पाचशेवीसला पडायचा. महिन्याभरात दोघी पाचशेतीसवर येऊन टेकल्या. डॉक्टरमंडळी हसत दोन-दोन जोड नेत होती. मावश्या दारात यायच्या, भाव विचारायच्या आणि रबरी चपलांवरच परत जायच्या. चारशेचा बूट आता गल्लीत कुणाकडेच नव्हता. ठेंगणी मावशीही एकदा आली. "आमच्यासाठी शिवले आणि आमच्यावरच उठले होय हो?" म्हणाली. हसली, पण लंगडत गेली.

एका दुपारी ताई रस्ता ओलांडून आली. स्टुलावर बसली, हातात धाकटीचाच बूट.

"माझा की तुझा, मलाही कळत नाही गं."

"बाबांचा आहे," धाकटी म्हणाली.

"बाबा एकटे होते या गल्लीत. आपण दोघी आहोत. तुझा बूट साधा होता म्हणून माझा नऊशेला उठायचा. माझा महाग होता म्हणून तुझ्याकडे गर्दी. आता काल मी म्हाताऱ्या कारागिराला घरी बसवलं. तू कुणाला बसवणार?"

"थोडा तरी बरा करू दे, ताई. एकेरी टाका घालते."

"घाल. जितकी माझ्याजवळ येशील तितका मला भाव पाडावा लागेल. मी नाही पाडला तर माझं दुकान जाईल, पाडला तर तुझं. भांडायला नाही आले मी. बघ तूच, दुसरी वाट दिसते का?"

धाकटीनं महिनाभर तीच वाट शोधली होती. तिनं यंत्रावर चादर टाकली आणि सोल्युशनचा डबा उघडला. आवाज आला, मग वास.

आठवड्यात सगळं पूर्ववत झालं. तिकडे नऊशे, इकडे चारशे. मावश्या परत आल्या. ठेंगणी नव्हती. दुसरीनं बूट घालून बघता बघता सांगितलं, "ती ना? डाव्या पायाचा अंगठा काढला तिचा. चपलेतून पाणी लागत राहिलं. घरी असते. पुढच्या महिन्यात कामावर येईन म्हणते."

धाकटी त्या दिवशी जेवली नाही. शिवलेला बूट पुन्हा दुकानात मांडता येणार नव्हता. एक मांडला की चाळीस मागणार, आणि समोर ताईची पाटी खाली येणार. त्या चाळीसजणींचे तळ सुटतच राहणार होते. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

सकाळी दुकान उघडण्याआधी तिनं वडिलांची टाके घालायची आरी काढली. मावशीचं माप तोंडपाठ होतं. दुहेरी टाका हातानं घातला, डाव्या बुटाच्या टोकात, अंगठ्याच्या जागी, कापूस भरला. तळाच्या कडेला काळा रंग फासून टाके झाकले. शिवलेले आहेत हे कुणाला दिसता कामा नये.

जोड पिशवीत घातला. समोर ताई फळ्या काढत होती. धाकटीनं मागचं दार हलकेच ओढून घेतलं आणि मावशीच्या वस्तीकडे चालू लागली.