लेकरू तुमचं, लगबग आमची

“तुम्ही मेणबत्ती लावा गं, मी आलेच.”

आईचा तो आवाज चिमूच्या कानात अजून तसाच होता, भांड्यांच्या खडखडाटातून आलेला. आई ‘आलेच’ म्हणायची आणि येईपर्यंत केक कापून व्हायचा. वाढदिवसाच्या एकाही फोटोत आई नव्हती.

आता चिमू जाहिरातींचा मजकूर लिहायची. समोर बसल्या होत्या फुगेताई. मुलांचे वाढदिवस करून देण्याचा त्यांचा धंदा. खोलीभर पताका, हवेचा पंप, खोक्यांतून डोकावणारे कागदी मुकुट. संध्याकाळी वेबसाइट सुरू व्हायची होती. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर, आणि बुकिंगच्या नावाने शुकशुकाट. हा हंगाम हातचा गेला तर गाळा सोडावा लागणार होता.

फुगेताईंनी मोबाइलवर पहिला मसुदा वाचला. “स्वप्ननगरीतला जादुई वाढदिवस. छान आहे गं. पण स्वप्ननगरीत चपला कोण आवरणार, असं विचारतील लोक.”

चिमूला हसू आलं. खरंच की. तिने सगळं मुलांना भुलवायला लिहिलं होतं, आणि वाचणार होती ऑफिसातून घरी निघालेली, एका हातात पिशवी धरलेली कुणाची तरी आई.

“ताई, पार्टीत तुम्ही केकच्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवता. आईसाठी. ते लिहू?”

“त्यात काय लिहायचंय? खुर्ची काय मी विकते? सगळेच ठेवत असतील.”

“कुणीच ठेवत नाही.”

फुगेताईंनी खांदे उडवले आणि त्या पंपाकडे वळल्या. चिमूने जुनं सगळं पुसलं. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर मावेल एवढंच ठेवलं:

*लेकरू तुमचं, लगबग आमची.*
*पाहुण्यांच्या आधी आम्ही येतो, घर आवरून मग जातो. केक, खेळ, फुगे, भेटपिशव्या, सगळं आमच्याकडे. तुम्हाला काम एकच: लेकरू फुंकर मारेल तेव्हा त्याच्या शेजारी बसणं. खुर्ची आम्ही राखून ठेवतो.*

खाली एकच बटण: *तारीख सांगा, फोन आम्ही करू.*

फुगेताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून ओढणीला पुसत बसल्या.

“पंपाची धूळ,” त्या म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत, “हे एवढं सगळं मी करते होय? पाठव बाई. असंच पाठव. पण खुर्चीचं तुला कसं सुचलं?”

चिमूने मजकूर पाठवला, लॅपटॉप मिटला. वर्षभर ओठांवर येऊन परत फिरलेलं बोलणं आज तिने अडवलं नाही.

“गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या वाढदिवसाला तुम्ही माझ्या हातातला ट्रे काढून घेतलात आणि मला बसवलंत. ती झाल्यापासून माझ्या हातातलं कुणी काही घेतलं नव्हतं, ताई. त्या दिवशी बिल दिलं आणि दार लावून घेतलं. बोलले असते तर रडले असते. तुमचे आभार मानायचे राहिलेत.”