लाईट खालून वर

आमच्या मोठ्या साहेबांना मधूनच लोकशिक्षणाची उबळ येते. उबळ त्यांना येते, घसा माझा बसतो. या खेपेचा विषय होता 'वीज घरापर्यंत कशी येते', आणि गावकऱ्यांना ते समजावून सांगायला सबस्टेशनची इंजिनिअर म्हणून मला पाठवलं. दिवस तोही असा निवडला, की त्याच सकाळी गावच्या डीपीवरचा, वरची तार पेलणारा तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर बदलायचा होता. म्हणजे गावाची लाईट घालवायची आणि वर लाईटवर भाषण ठोकायचं. साहेबांच्या अकलेला तोड नाही.

इन्सुलेटर बदलणार होता आमचा वायरमन, याच गावचा पोरगा. त्याचा बाप गिरणीवाला, आणि गिरणी माझ्या भाषणाच्या सभागृहाला भिंतीला भिंत लावून. वायरमनने माझ्यादेखत गावाबाहेरचा स्विच उघडून अकरा हजार व्होल्टची लाईन तोडली, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "काम झालं की फोन करतो ताई. तोवर कुणाच्या बापाला लाईट मिळायची नाही," असं म्हणून तो सभागृहामागच्या गल्लीत, डीपीकडे, शिडी घेऊन गेला.

मी उभी राहिले. समोर अख्खं गाव, कारण घरी पंखा बंद आणि इथे निदान करमणूक. छपरावर भोंगा, हातात माईक, आणि माईक अर्थातच मेलेला.

"तर," मी बेंबीच्या देठापासून ओरडून सुरुवात केली, "वीजकेंद्रात कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने चाक फिरतं, चाकाबरोबर एक मोठं चुंबक तारांच्या वेटोळ्यात गरगर फिरतं, आणि तारांत वीज तयार होते."

"मग तिथेच जास्त तयार करून ठेवायची की," पहिल्या रांगेतला दूधवाला म्हणाला. "आमच्याकडे संध्याकाळी कमी पडते."

"ती दूध नाही काका, कॅनमध्ये भरून ठेवायला. लागेल तेवढी त्या क्षणी तयार होते, त्या क्षणी वापरली जाते. तुम्ही बटण दाबलंत की तिकडे चाकाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो."

"बघा," दूधवाला मागे वळून म्हणाला, "आपल्यामुळे तिकडे माणसं कामाला लागतात." टाळ्या पडल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी त्यांना विजेच्या मनोऱ्यांवरून नेलं. इतक्या लांब वीज न्यायची तर व्होल्टेज आधी लाखांत चढवतात. व्होल्टेज जास्त असलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, आणि करंट कमी तर तारा कमी तापतात, वाटेत वीज कमी वाया जाते.

एवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. माईक खरखरला आणि माझा "वाया जाते" भोंग्यातून गावभर घुमला. लोक ओरडले, "आली, आली!" जणू मीच ती पदरात बांधून आणली होती. शेजारची गिरणीही घरघरायला लागली. मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आमच्या पोराने काम पटकन उरकलं, म्हटलं. घशाची सुटका झाली या आनंदात मी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता," मी ऐटीत माईकवर, "लाखांतलं व्होल्टेज सबस्टेशनांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. तुमच्या वेशीपाशी येतं तेव्हा ते अकरा हजार असतं. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पोटात तारेची दोन वेटोळी. एकाला भरपूर फेरे, दुसऱ्याला थोडे. भरपूर फेऱ्यांच्या बाजूने अकरा हजार आत जातं आणि थोड्या फेऱ्यांच्या बाजूने दोनशे तीस बाहेर पडतं. तेच खांबावरून मीटरमध्ये, मीटरमधून बोर्डात, आणि बोर्डातून तुमच्या सॉकेटमध्ये."

कोपऱ्यात शिवणकामवाली मावशी बसली होती. तिने हात वर केला. "म्हणजे वरून घातलं तर खाली कमी होऊन येतं."

"बरोबर, मावशी."

"आणि खालूनच घातलं तर?"

"तर उलटं. दोनशे तीस आत घाला, वर अकरा हजार निघेल. त्या बिचाऱ्या डीपीला काय कळतंय कोण कुठून..."

मी फोन उचलून पाहिला. वायरमनचा एकही फोन आलेला नव्हता. आणि किल्ली त्याच्या खिशात होती.

"लाईट कुणी आणली?" मी विचारलं. भोंग्यातून तो प्रश्न मलाच परत ऐकू आला.

दारातून गिरणीवाला पुढे आला, छाती फुगवून. "मीच मॅडम. म्हटलं, तुमचा घसा बसायचा. गिरणीचा जनरेटर लावला आणि गावाच्या लाईनीकडचा मेन स्विचही चालूच ठेवला, म्हणजे तुम्हाला इथे पंखा मिळावा. सगळं गाव इथेच बसलंय, घरी आहेच काय चालू? जनरेटरला भार नाही. एरवीही मी असंच करतो. कधी काही झालं नाही!"

कधी काही झालं नाही! गिरणीतून गावाच्या तारांत, तारांतून डीपीत, आणि डीपीतून वर. स्विचपर्यंतची ती तोडलेली लाईन आता अकरा हजारांनी भरलेली होती. आणि पंखा मजेत फिरत होता, याचा अर्थ पोराने लाईन जमिनीला जोडणारा अर्थिंगचा दांडा लावलेलाच नव्हता. लावला असता तर सगळा करंट जमिनीत जाऊन जनरेटर केव्हाच गचकला असता.

"जनरेटर बंद करा! पळा!" आणि मग माईक तोंडाला लावून, आयुष्यात इतकं वाईट कधी ओरडले नाही, "वरच्या तारेला हात लावू नकोस! लाईन चालू आहे! खाली उतर रे, खाली उतर!"

गिरणीवाल्याच्या डोक्यात शिरलं. माणूस त्या वयात इतका जोरात पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. गिरणीची घरघर थांबली, भोंगा मेला, पंखा मंदावला. मागच्या रांगेतून कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो मॅडम, आलेली लाईट कशाला घालवलीत?" त्याला उत्तर द्यायला मी थांबले नाही.

बाहेर आमच्या जीपमध्ये अर्थिंगचा दांडा आरामात झोपला होता.

गल्लीत वळले तर पोरगा शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर, पांढराफटक. एक हात खांबाला मिठी मारून, दुसरा छातीशी आवळलेला. इन्सुलेटर त्याच्या डोक्यापासून हातभरावर होता.

"ये हळूहळू," मी म्हटलं. "आता बंद आहे."

तो उतरला. "डीपी घुमल्यासारखी वाटली ताई. म्हटलं तुमच्या भोंग्याचा आवाज असेल. हात वर केलाच होता."

"आणि दांडा?"

"लाईन मीच तोडली होती ना. म्हटलं, आता कुठून येणार?"

शिव्यांची अख्खी माळ माझ्या जिभेवर तयार होती. तेवढ्यात त्याचा बाप धापा टाकत आला. आता हा पोराला पोटाशी धरेल, किंवा माझ्यावर ओरडेल, असं मला वाटलं. त्याने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. पोराच्या उजव्या हातातला रबरी मोजा तो एकेका बोटावरून सोडवायला लागला. मोजा निघाला. आत हात होता, घामाने भिजलेला, धडधाकट. गिरणीवाल्याने तो उलटा केला, सुलटा केला.

"मॅडम," तो हातावरची नजर न काढता म्हणाला, "ते खालून वर कसं जातं, परत एकदा सांगा. मी दारात उभा होतो, ऐकलंच नाही."