नववा आकडा

वर्गातली सगळी मुलं तिला ताई म्हणत, म्हणून शिकवणाऱ्या मॅडमही ताईच म्हणू लागल्या. मॅडम एकोणतीस वर्षांच्या, ताई छत्तीसची. एका मोठ्या इस्पितळाच्या सर्व्हररूममध्ये ती कंत्राटी ऑपरेटर होती. नोकरी कायम व्हायची तर पदविका हवी होती, आणि पदविकेत एकच विषय अडला होता, ऑपरेटिंग सिस्टीम. दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप, नियमाप्रमाणे शेवटची.

डेडलॉक मात्र तिला वर्गात कुणापेक्षाही चांगला कळायचा. एकदा मॅडम शिकवत असताना ती म्हणाली होती, "आमच्याकडे झालंय हे. एका बॅकअपने टेप धरून ठेवली आणि डिस्कची वाट बघत बसला. दुसऱ्याने डिस्क धरली आणि टेपची वाट बघत बसला. दोघंही ढिम्म. शेवटी मी एकाला मारलं, तेव्हा दुसरा हलला." वर्ग हसला होता. मॅडमनी त्या वर्षी दुसऱ्या तुकडीलाही हेच उदाहरण दिलं.

परीक्षा ऑनलाइन होती. उत्तर म्हणून फक्त आकडा भरायचा आणि तपासणार संगणक. डेडलॉकचा प्रश्न असा होता: चार प्रोसेस, प्रत्येकीला एकाच प्रकारची जास्तीत जास्त तीन साधनं लागतात, डेडलॉक कधीच होऊ नये म्हणून कमीत कमी किती साधनं हवीत? प्रत्येकीच्या हातात दोन-दोन, म्हणजे आठ असतील, तर चौघी तिसऱ्यासाठी अडून बसू शकतात. नववं आलं की एकीचं काम पुरं होतं आणि ती आपली तिन्ही सोडते. ताईने नऊ लिहिलं. बरोबर आलं.

त्यापुढचा प्रश्न चार गुणांचा. मेमरीत तीन फ्रेम, म्हणजे तीनच पानांपुरती जागा. पानं कुठल्या क्रमाने मागितली गेली ते चित्रात दिलेलं. जागा नसेल तेव्हा सर्वांत जास्त वेळ न वापरलेलं पान बाहेर काढायचं आणि पान मेमरीत न सापडण्याची वेळ, म्हणजे पेज फॉल्ट, किती वेळा आली ते सांगायचं. ती दहा आकड्यांची ओळ मॅडमनी मार्करने कागदावर इंग्रजी आकड्यांत लिहून, फोटो काढून चढवली होती. घाई होती, टाइप करून चित्र करायला कोण बसणार!

उत्तरसूची लागल्यावर त्या प्रश्नावर चौदा हरकती आल्या. सूचीत उत्तर होतं सात. हरकत घेणारे सगळे आठ म्हणत होते. मॅडमनी आपला कागद काढला, पुन्हा सोडवून पाहिलं, सातच आले. त्यांनी पहिल्या हरकतीखाली लिहिलं, "चित्रातील आकडे लक्षपूर्वक वाचावेत. हरकत अमान्य." उरलेल्या तेरांखाली तेच वाक्य चिकटवलं. नावं पाहिलीसुद्धा नाहीत.

निकाल लागला. ताईला अडतीस गुण होते, पास व्हायला चाळीस लागत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विभागात आली. कामावरून थेट आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच लोंबत होतं. "मॅडम, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "माझं चुकलं कुठे तेवढं दाखवा. मग मी जाते."

"सोडवा फळ्यावर," मॅडम म्हणाल्या.

ताईने उत्तरसूचीसोबत फोनवर आलेलं चित्र बघून ओळ लिहिली: चार, एक, तीन, चार, दोन, एक, चार, तीन, सात, दोन.

"थांबा. सात कुठून आला?"

"चित्रात आहे की."

"तो एक आहे, ताई."

ताईने फोन पुढे केला. परीक्षेच्या पडद्यावरचं तेच चित्र, आक्रसून बोटभर झालेलं. लिहिताना नवव्या आकड्यावर मार्कर घसरला होता. कागदावर तो ओरखडा एकापासून वेगळा दिसायचा, लहान चित्रात एकाच्या डोक्यावर चक्क छप्पर बसलं होतं. कुणीही सातच वाचला असता. मॅडमनी स्वतःचा कागद सोडून हे चित्र आज पहिल्यांदा पाहिलं.

तरी त्यांनी ताईला थांबवलं नाही. चार, एक, तीन: झाले तीन फॉल्ट. पुन्हा चार, ते आहेच. दोन आलं, एक बाहेर. एक आलं, तीन बाहेर. चार आहेच. तीन आलं, दोन बाहेर. सहा फॉल्ट झाले. आता मेमरीत एक, चार आणि तीन. "इथे एक मागितलं असतं तर ते आहेच," ताई म्हणाली. "पण सात मागितलंय, म्हणून सातवा फॉल्ट, एक बाहेर. मग दोन आलं, चार बाहेर. आठ."

कुठेही चूक नव्हती.

"तुम्ही हरकत घेतली होती?" मॅडमनी विचारलं.

"घेतली होती ना. लक्षपूर्वक वाचा म्हणालात."

मॅडम विभागप्रमुखांकडे गेल्या. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बाकीचे सगळे आकडे चारपर्यंतचेच. सात मधेच कसा येईल, एवढी अक्कल नको?"

"पानाचा नंबर सात असू नये असा काही नियम नाही, सर."

"नसेल. पण आता निकाल उघडायचा म्हणजे नसती उठाठेव. समिती बसेल. तुमची नोकरी अजून कच्ची आहे. आणि किती जणांसाठी? एका बाईसाठी?"

मॅडम बाहेर आल्या आणि दोन दिवस गप्प बसल्या. हे दोन दिवस त्यांना पुढे फार जड गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षा विभागाला अर्ज दिला: चित्र मी काढलं, ते अस्पष्ट होतं, हरकती मी न बघता फेटाळल्या, सात आणि आठ दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत. खाली सही केली.

समिती बसली. नोंदी काढल्या तेव्हा कळलं, आठ लिहिणारे एकसष्ट जण होते. सुधारित निकाल लागायला सात आठवडे गेले. मॅडमना लेखी ताकीद मिळाली, आणि पुढच्या सत्रापासून तो विषय त्यांच्याकडून काढून घेतला.

ताईचे गुण बेचाळीस झाले. मॅडमनी तिला स्वतः फोन केला.

"पास झालात, ताई."

पलीकडे सर्व्हरची घरघर नव्हे, शिलाई मशिनांचा खडखडाट ऐकू येत होता.

"इस्पितळाने माझ्या निकालासाठी महिनाअखेरपर्यंतच थांबायचं ठरवलं होतं," ताई म्हणाली. "माझ्या जागी दुसरी आली. चांगली आहे पोरगी. मीच शिकवलं तिला दोन दिवस."

"मी तिथे पत्र देते. येऊन सांगते, चूक माझी होती म्हणून."

"कुणाला सांगणार? तिला काढायला सांगणार का?"

"मी आधीच बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते दोन दिवस..."

"दोन दिवसांनी काय झालं असतं, मॅडम! तुमच्या समितीला सात आठवडे लागले." ती जराशी हसली, पण त्या हसण्यात माया नव्हती. "माझी हरकत मात्र तुम्ही वाचायला हवी होती. अर्धा तास जपून लिहिली होती. शुद्धलेखन नवऱ्याकडून तपासून घेतलं होतं."

मागून कुणीतरी तिला हाक मारली. गुणपत्रिका पोस्टाने पाठवा, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

मॅडमनी संगणक उघडला आणि ती हरकत शोधून काढली. चौदांमधली ती अकरावी होती. ताईने पूर्ण तक्ता करून जोडला होता, प्रत्येक पावलाला कुठलं पान आलं आणि कुठलं गेलं. शेवटी लिहिलं होतं: "नववा आकडा एक असेल तर उत्तर सात येईल हे मला मान्य आहे. पण मला तो सात दिसतो. कृपया एकदा पडद्यावरचं चित्र पाहावं."