छताखालचा वास

टाकीमामांनी तीस वर्षं लोकांच्या घरी सिलिंडर पोचवले. खांदा एका बाजूला कायमचा उतरला होता, पण नाक अजून शाबूत होतं. कुणी म्हणालं, "मामा, वास येतोय," की ते आधी गुडघे टेकून फरशीपाशी हुंगायचे. टाकीतला गॅस जड, तो जमिनीलगत बसतो, हे त्यांच्या अंगात भिनलेलं.

नव्या घरी पाइपचा गॅस आला. जोडणारा मिस्त्री म्हणाला होता, "मामा, हा हवेपेक्षा हलका. हा वर चढतो." मामांनी मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

परवा सुताराने स्वयंपाकघरात नवी कपाटं ठोकली. पाइप दिसायला नको म्हणून सगळा झाकून टाकला आणि हवा बाहेर जायची वरची झडपही माळ्याच्या फळीआड गेली. काल सकाळी मामांना कुजक्या अंड्यासारखा पुसटसा वास आला. ते ओट्याखाली वाकले, फरशी हुंगली. काहीच नाही. "मोरीचा असेल," म्हणून त्यांनी विषय संपवला. आज तर तेवढाही जाणवला नाही. नाक सरावतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

भरदुपारी चहाचा डबा काढायला ते स्टुलावर चढले आणि वासाने डोकंच गरगरलं. डोक्याच्या वर, छताखाली तो दाटून राहिला होता.

ते हळूच उतरले. शेगडीची बटणं बंदच होती. ओट्याखालचा गॅसचा कॉक त्यांनी आडवा करून बंद केला आणि कान दिला. नव्या कपाटाच्या आतून बारीक फुसफुस चालूच होती. म्हणजे गळती कॉकच्या आधीच्या पाइपात होती.

आतल्या खोलीत सून रात्रपाळी करून झोपली होती. मामांनी तिच्या खांद्याला हात लावला.

"उठ. दिवा लावू नकोस. फोन सोबत घे, पण इथून लावू नकोस. गॅस भरलाय घरात."

ती नर्स होती, संकटाची सवय असलेली. तरी तिचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही?"

"बाल्कनीत गॅसचा मीटर आहे, तिथली चावी बंद करतो. तू जिन्याने जा, लिफ्ट नको. खाली गेल्यावर गॅसवाल्यांना फोन कर आणि रखवालदाराला सांग, खालच्या मीटरच्या खोलीतून आपल्या घरची वीज तोडायला."

"आणि कुणी बेल वाजवली तर?"

"खालीच थांबव कुणी आलं तर. बटणाला हात लावू देऊ नकोस."

ती दार उघडं टाकून अनवाणीच गेली. मामा स्वयंपाकघर ओलांडून बाल्कनीकडे निघाले. कोपऱ्यात फ्रिज गप्प उभा होता. तो कुठल्याही क्षणी खट्ट करून सुरू होणार, हे त्यांना ठाऊक होतं. प्लग उपसावा, तर तिथेच ठिणगी पडायची. जिवावर उदार होऊन ते पाय न वाजवता त्याच्यासमोरून गेले.

बाल्कनीत मोकळी हवा होती, पण मीटरलाही सुताराने प्लायची पेटी केली होती. आकडे दिसण्यापुरतं भोक ठेवलं होतं. घरात एकही शेगडी पेटलेली नव्हती, तरी शेवटचा लाल आकडा सरकत होता.

मामांनी भोकात हात घातला. कोपरापर्यंत सालटी निघाली. बोटांना पाइप लागला, मग पट्टीसारखी चावी. पट्टी पाइपच्या रेषेत, म्हणजे उघडी. रेग्युलेटरसारखी गोल फिरवायची नाही, पाव वळण द्यायचं, हे मिस्त्रीचं बोलणं आत्ता आठवलं. पट्टी हलेना. त्यांनी दात खाऊन जोर लावला. चावी करकरली आणि आडवी झाली.

लाल आकडा थांबला. त्याच वेळी खालून कुणीतरी वीज तोडली असावी, कारण शेजारच्या खोलीतला पंखा मंदावत गेला.

गॅसवाल्यांचा माणूस आला. त्याने हातातलं यंत्र फरशीजवळ धरलं, ते गप्प राहिलं. छताजवळ नेलं तसं किंचाळू लागलं. सगळ्या खिडक्या, वरची झडप उघडून झाल्यावर त्याने कपाटाची फळी काढली. तांब्याच्या पाइपात स्क्रू घुसला होता.

"तुम्ही जमिनीवर शोधलंत?" त्याने विचारलं.

"काल शोधलं," मामा म्हणाले. "तीस वर्षं तिथेच शोधत आलो."

स्क्रू हातात फिरवत त्याने परत वर आलेल्या सुनेला विचारलं, "या सुताराने इमारतीत आणखी कुठे काम केलंय?"

सून आठवू लागली. "वरच्या मजल्यावर दोन घरं. आणि तळमजल्यावर एक, पण ते लोक चार दिवसांपासून गावाला गेलेत. घर बंद आहे."

माणूस जिन्याकडे वळला. मामाही रक्ताळलेला हात धरून त्याच्या मागोमाग उतरले. तळमजल्याच्या बंद दाराशी तो थांबला, पायांच्या बोटांवर उभा राहिला आणि चौकटीच्या वरच्या फटीला यंत्र लावलं.

यंत्र किंचाळलं.

"सगळ्यांना बाहेर काढा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दारं हाताने ठोका."