खालून पाचव्या ओळीतलं काळं घर

त्या शनिवारी फ्लिंडर्स बेटावर वारा असा सुटला होता की कुंपणाला टेकलेल्या मेंढ्या दुपारपर्यंत पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. विमान आलं नाही, म्हणजे वर्तमानपत्रही नाही. मर्ल हॅड्रेलच्या भाचीने, टेगनने, समुद्रापलीकडच्या लॉन्सेस्टन शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरातून त्यातल्या इंग्रजी शब्दकोड्याचा फोटो काढून क्लबच्या जॉयलीनला पाठवला. जॉयलीनने गल्ल्यामागच्या यंत्रावर त्याच्या दोन काळ्यापांढऱ्या प्रती काढल्या, एक मर्लला, एक रोली बर्जेसला.

पणाला होती क्लबातल्या शेकोटीजवळची खुर्ची. ज्याचं कोडं चार वाजता बिनचूक, त्याची आठवडाभर. सहा वर्षं ती मर्लच्या बुडाखाली होती, आणि रोली दाराच्या फटीशी बसून सहा वर्षं शिंकत होता. नियम कडक होते. फोनला हात लावायचा नाही. आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात तिथे ते दोन शब्दच साक्षीदार; दोघांनी एकच अक्षर सांगितलं तरच पेन्सिलीवर शाई फिरवायची.

“ही भाची आहे की वैरीण?” मर्ल करवादली. फोटो तिरका, घरांतले आकडे पुसट. उजवीकडची कड छाटलेली, त्यामुळे कुठला शब्द किती अक्षरी ते गेलं. खालच्या दोन सूचनांचा तर पत्ताच नव्हता.

“तुझ्याच घरातली ना,” रोली म्हणाला. “मग अशीच तिरकी असणार.”

साडेतीनला सगळं झालं होतं, खालून पाचवी ओळ सोडून. सूचना होती ‘समुद्रपक्षी’. डावीकडून तीन घरं आणि मग काळं घर. पहिलं अक्षर उभ्या शब्दातून मिळालं होतं, ए. मर्लने ‘ऑक’ लिहिलं, ए-यू-के. फिट्ट! पण तिसऱ्या घरात उतरणारा उभा शब्द होता ‘रूबार्ब’, पाईत घालायचे ते आंबट देठ, आणि त्याचं शेवटचं अक्षर बी.

के की बी? तिने रूबार्बची उलटतपासणी घेतली. त्याचं यू वर ‘ईमू’च्या शेपटीला येऊन बसलं होतं. आर पक्का, मधला ए पक्का. रूबार्ब हलायला तयार नाही. मग पक्षीच खोटा! तिने ऑक खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. कागद इतका झिजला की पलीकडचा रोली दिसू लागला.

“आणि काळ्या घराच्या उजवीकडे ही पाच घरं. टी, रिकामं, ओ, रिकामं, एस. यांची सूचना कुठाय?”

“कापल्या गेलेल्यांत असेल.”

“कापलेल्या सूचना अगदी तळाच्या होत्या रे, शहाण्या. ही ओळ तळाची आहे का?”

“मग दे खुर्ची सोडून. मी गादीसुद्धा आणलीय.”

खरंच आणली होती, फुलाफुलांची. मर्लने संतापून कागद टेबलावर असा आपटला की तो गर्रकन फिरून उलटा पडला. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“पाठ धरली वाटतं,” रोली आशेने म्हणाला.

मर्ल घरं मोजत होती. उलटं धरलं तरी कोड्याची काळी घरं जागच्या जागीच दिसायला हवीत, ती रचतातच तशी. खाली डावीकडे एक काळं, तर वर उजवीकडे त्याचं जुळं. सगळ्यांची जुळी सापडली. खालून पाचव्या ओळीत डावीकडून चौथं काळं, पण वरून पाचव्या ओळीत उजवीकडून चौथं? पांढरंशुभ्र, त्यात शाईने अक्षरसुद्धा बसलेलं!

“हे काळं घर नाहीच!” ती ओरडली. “मुरंबा सांडलाय त्या कार्टीने!”

तीन नव्हे, नऊ घरं. अल्बट्रॉस! ए, मग तिसऱ्या घरात बी. पुढे टी, ओ, एस, सगळे उभे साक्षीदार मुकाट हजर. मर्लने शाई फिरवली तेव्हा चारला दोन मिनिटं होती.

रोलीने बोट ठेवून एकेक घर तपासलं. ती आडवं म्हणे, तो उभं म्हणे. एकही कुरकुरेना. मुरंब्याच्या घरावर तो थांबला.

“याला उभा साक्षीदारच नाही.”

“वर-खाली काळी घरं आहेत, कुठून असणार? याचा साक्षीदार वर उजवीकडे बसलाय. उलटं करून बघ.”

त्याने उलटं केलं. नंतर बराच वेळ स्वतःच उलटा झाल्यासारखा दिसला. त्याच्या प्रतीवर ऑक शाईने लिहिलेला होता.

“कोणत्या फळाचा मुरंबा?” त्याने शेवटी विचारलं.

जॉयलीनने आता फोन उघडून पाहिलं. जांभळाकाळा डाग होता. “ब्लॅककरंटच्या काळ्या फळांचा दिसतोय.”

मर्ल खुर्चीत बसली, पाय लांब केले, हात पुढे धरले. हात गारच. खोडाखोडीच्या त्या अर्ध्या तासात शेकोटीत एक लाकूडही कुणी टाकलं नव्हतं. आत नुसती राख.

“रोली, लाकडं आण.”

“ज्याची खुर्ची त्याची शेकोटी,” रोली म्हणाला. फुलाफुलांची गादी पोटाशी घट्ट धरून तो दाराशी बसला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच शिंक मर्लला आली.