पाय कोणाचा?

सकाळी सूनबाईंनी चहा आणून ठेवला, तेव्हा सासरे दिवाणखान्याच्या मधोमध दोन्ही हात जमिनीला समांतर धरून उभे होते. समोर खुर्चीचे सुटे भाग, पायाशी सूनबाईंनी लिहिलेला सूचनांचा कागद.

"बाबा, चहा."

"घेता येत नाही. 'हात जमिनीला समांतर धरा' असं लिहिलंयस. सोडा कुठे म्हटलंय?"

सासऱ्यांची उभी हयात जमीनमोजणीत गेली होती आणि लिहिलेल्या शब्दाबाहेर पाऊल टाकायची त्यांना सवय नव्हती. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद उचलला, 'हात'च्या आधी 'खुर्चीचे' घातले आणि कागद पुन्हा जागेवर ठेवला. सासऱ्यांचे हात खाली आले. पाठीच्या भागापर्यंत जायच्या आत चहाने बाजी मारली आणि जोडणी तिथेच थांबली.

घरी जोडायचे फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीत सूचना लिहिणारा माणूस हवा होता. गेल्या वर्षी याच जागेसाठी सूनबाई गेल्या होत्या. चाचणीला एक तिवई होती. 'पाय चौकटीत घालून घट्ट दाबा', असे त्यांनी लिहिले आणि विभागप्रमुखांनी बूट काढून स्वतःचा पाय घातला. तो बाहेर काढायला साबणाचे पाणी लागले. त्या गडबडीत सूनबाई बोलून गेल्या, "अहो, तिवईचा! शाळेत गेला होतात ना?" नकार दुसऱ्याच दिवशी आला.

आता तीच जागा पुन्हा निघाली होती. वर्षानंतर पुन्हा अर्ज करायला कंपनीची हरकत नव्हती. मात्र मधल्या काळात काय बदलले, ते लिहायचे होते.

"मागचं काढूच नकोस," नवरा डबा भरता भरता म्हणाला. "कोणाच्या लक्षात असणार आहे?"

"ज्याचा पाय अडकला त्याच्या."

"मग लिही की, व्यक्तिमत्त्वात आमूलाग्र परिवर्तन झालंय."

"कुठे झालंय?" चहाच्या कपामागून सासरे म्हणाले. "परवा दूधवाल्याला काय काय बोलली ते मी ऐकलंय."

सूनबाईंनी तीच ओळ टाइप केली होती. ती त्यांनी खोडली आणि लिहिले: 'गेल्या वर्षी माझ्या सूचनेमुळे आपला पाय चौकटीत अडकला आणि मी दोष आपल्याला दिला. त्यानंतर वर्षभर मी एका फर्निचरच्या दुकानात तक्रारींचे फोन घेतले. कपाट उलटे उभे करणारी माणसे वेडी नसतात. आमची वाक्ये अर्धवट असतात, हे तिथे कळले. आता मी सूचना लिहून घरच्या एका अत्यंत आज्ञाधारक गृहस्थांना देते, गप्प बसते आणि ते अडतील तिथे माणसाला नव्हे, वाक्याला सुधारते.' सोबत नमुन्यादाखल एक सूचनापत्र जोडले.

आठवड्याने बोलावणे आले.

तीच खोली, तेच विभागप्रमुख. या खेपेला त्यांच्या पायात गुडघ्यापर्यंतचे बूट होते आणि नाड्यांना दुहेरी गाठी.

"खबरदारी," ते गंभीरपणे म्हणाले.

चाचणीला खुर्ची होती. सूनबाईंनी सूचना लिहून दिल्या आणि त्या कोपऱ्यात बसल्या. खुर्चीचे पाय बसले. खुर्चीचे हात बसले. सूनबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तोच विभागप्रमुखांनी पुढची ओळ मोठ्याने वाचली, "आता पाठ मागे टेकवा आणि स्थिर ठेवा."

ते भिंतीला पाठ टेकवून स्थिर राहिले.

हात-पाय घरी तपासून झाले होते, पाठ मात्र चहाच्या नादात राहून गेली होती. आता बूट गुळगुळीत फरशीवरून हळूहळू पुढे सरकू लागले आणि विभागप्रमुख भिंतीवरून तितक्याच हळूहळू खाली येऊ लागले. शेवटी ते फरशीवर बसते झाले. कागदावरची नजर त्यांनी हलवली नाही.

'अहो, तुमची नाही!' हे शब्द सूनबाईंच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. वर्षभर घेतलेले तक्रारींचे फोन, खोडून पुन्हा लिहिलेला अर्ज, सासऱ्यांचे आखडलेले खांदे, सारे त्या तीन शब्दांनी पाण्यात गेले असते. त्यांनी शब्द गिळले. उठून विभागप्रमुखांच्या हातातला कागद घेतला आणि ती ओळ खोडून लिहिले: 'आता खुर्चीची पाठ मागच्या खाचेत बसवा.' कागद परत दिला आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

विभागप्रमुखांनी वाचले. उठले, पँट झटकली, पाठ खाचेत बसवली.

"मागच्या वर्षी तुम्ही मला काय विचारलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"गेलो होतो शाळेत. सातवीपर्यंत पहिला यायचो."

"वाटलंच मला," सूनबाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी खुर्ची हलवून पाहिली, दाबून पाहिली. मग ती उचलली, खिडकीशेजारच्या, सूचना लिहिणाऱ्याच्या रिकाम्या टेबलापाशी नेऊन ठेवली आणि तिचे तोंड टेबलाकडे केले.