दुबईला न गेलेली मिरची

गीताबाईनं विहिणीसमोर तोंड उघडलं आणि तिथंच घोटाळा झाला. मुकुंदवाडीला लेकीच्या, सुलेखाच्या घरी विहीणबाई सहज म्हणाल्या, "बाळाला झोळीच बांधू, पाळणा म्हंजे उगं खर्च." एवढ्यावर गप्प बसेल ती गीताबाई कसली! "झोळी कामून? आमी पाळणा आणू ना. स्टँडवाला, लोखंडी," असं ती बोलून गेली. बोलताना पैशांचा विचार करायची तिला सवय नव्हती. तो विचार नेहमी परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये यायचा, तसा आला.

पाळणा होता तेवीसशेचा. डब्यात होते सतराशे. सुलेखाचे दिवस भरायला पुरता महिनाही नव्हता, आणि विहीणबाई दर फोनला "पाळण्याचं कुठवर आलं?" असं इतक्या गोडीनं विचारायच्या की गीताबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशात करमाडजवळच्या पुंजारामच्या मळ्यातून तोडणीचं बोलावणं आलं. पुंजाराम म्हातारा माणूस, कमी बोलायचा. कारभार त्याच्या पोराकडे, शिवराजकडे होता. शिवराजनं यंदा मिरची परदेशी धाडणारा व्यापारी गाठला होता. टोळीतल्या नऊ बायांना बांधावर उभं करून त्यानं एक मिरची झेंडा धरावा तशी वर धरली.

"ही बघा. बोटाएवढी लांब, सरळ, गडद हिरवी आन देठासकट. अशीच तोडायची. नेहमी किलोला आठ रुपये देतो, ह्या मालाला अकरा देणार. पण संध्याकाळी निवड व्हईल. वाकडी, बुटकी, बिनदेठाची, लालसर निघाली तर तेवढं वजन कटणार. व्यापारी माझं कटतो, मी तुमचं."

"दुबईला जायचीय व्हय मिरची?" गीताबाई म्हणाली. "मंग नीटनेटकी पाहिजेच. सोयरिकीला चाललीय."

बाया हसल्या. शिवराजही हसला. तो काही वाईट पोरगा नव्हता. फक्त नव्या वहीत रेघा मारणाऱ्या माणसाला जो एक ताठा येतो, तो त्याला आला होता.

गीताबाईनं वाफ्यात वाकल्या-वाकल्याच हिशेब जमवला. एरवी बारीकमोठी सगळी ओरबाडायची तर दिवसाला पंचेचाळीस किलो व्हायची, म्हणजे तीनशे साठ रुपये. बघून बघून तोडली तर चाळीसच होईल, पण अकरानं चारशे चाळीस. तीनशे साठ घराला, ऐंशी पाळण्याला. तोडणी बारा दिवसांची. पाळणा आला, त्यावर गादीही आली, विहिणीचं तोंड बंद! त्या दिवशी ती मिरचीशी इतकी लाडानं वागली की आशाबाईनं विचारलं, "गीते, तोडतीस का अंघोळ घालतीस?" आशाबाई टोळीची पुढारीण. काम मिळवायची तीच आणि टोळीवर ओरडायचीही तीच.

संध्याकाळी शेडमध्ये ताडपत्री अंथरली गेली. जिचं पोतं तिनं आणायचं, शिवराजनं वजन करायचं, मग तिनंच ताडपत्रीवर ओतून त्याच्या देखत निवडायचं. पोती मळ्याचीच, रात्री शेडमध्येच राहायची, सगळी पांढरी, एकासारखी एक. म्हणून गीताबाई आपल्या पोत्याचं तोंड जुन्या जांभळ्या लुगड्याच्या काठाची रोज नवी चिंधी फाडून बांधायची. ही तिची कितीतरी वर्षांची खूण.

चाळीस किलो भरली. शिवराजनं ढिगातून नापास मिरची काढायला सुरुवात केली आणि गीताबाईला वाटलं, हा आता माझी बोटंच तोडून ठेवतोय. "ही वाकडी. ही बुटकी. हिचं देठ कुठंय मावशी?"

"झाडालाच राहिलं आसंल. जाऊन इचारू का?"

आठ किलो नापास. बत्तीस राहिली. अकरानं तीनशे बावन्न. म्हणजे साध्या भावाच्या रोजच्या कमाईपेक्षाही आठ रुपये कमीच! पाळण्याला ऐंशी राहायचे ते राहिलेच, वर घरातले आठ गेले. शिवराजनं वहीत नीट लिहिलं. तारीख, नाव, वजन, कटलेले किलो, पास किलो. अक्षर बाकी मोत्यासारखं.

"आन ह्या आठ किलोचं काय करता?" गीताबाईनं विचारलं.

"काय करणार? फेकायची."

आठ दिवस असंच चाललं. ती जपून तोडायची, तरी आठेक किलो कटायचीच. मिरची झाडावर येते ती काही फूटपट्टी लावून येत नाही, आणि ज्या झाडावरची वाकडी मागं ठेवावी त्याच झाडापाशी "सगळी तोडा, झाड मोकळं करा" म्हणत शिवराजच फिरायचा. वाकडी ठेवली तर तो ओरडायचा, तोडली तर कटायची. बाया कुरकुरायच्या. आशाबाई म्हणायची, "गप ऱ्हावा. टोळ्या काय कमी हायेत का? काम जाईल." मग सगळ्या गप्प बसायच्या. गीताबाईचा जीव मात्र आतून तुटायचा. रोज रात्री ती डबा उघडायची आणि सतराशे पुन्हा सतराशेच भरायचे.

रविवारी सुट्टी होती. ती सुलेखाकडे गेली. पोटुशा पोरीला हिरव्या मिरचीचा ठेचा खावासा वाटत होता, म्हणून गीताबाई कोपऱ्यावरच्या हातगाडीकडे निघाली.

"पाव किलो मिरची द्या भाऊ. कशी?"

"दहा रुपये पाव. एकदम ताजी, सकाळी जाधववाडीच्या मार्केटातून आणली."

तो पोत्यात हात घालायला वाकला आणि गीताबाईची नजर पोत्याच्या तोंडाला लोंबणाऱ्या चिंधीवर गेली. जांभळी. कडेला पिवळी वेल. तिच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीचं लुगडं ते. काठ विटला तरी ती ओळखणार नाही असं होणं शक्यच नव्हतं.

तिनं पोत्यात हात घातला. वाकड्या, बुटक्या, बिनदेठाच्या. सगळ्या ओळखीच्या.

"ही मिरची कुणाकून घेतली?"

"अडत्याकून. करमाडकडचा माल हाय. शेतकरी एक दिवसाआड पिकपनं आणतो. कामून?"

"काय नाय," ती म्हणाली आणि दहाची नोट काढून दिली. फुकटात तोडलेली मिरची पैसे देऊन विकत घेणारी बाई साऱ्या जिल्ह्यात आपणच असू, असं तिला वाटलं. हसू येत होतं आणि रडूही. ठेचा मात्र तिनं असा काही रगडला की विहीणबाईंनी खोकत खोकत विचारलं, "आज कुणावर राग हाय वो?"

सोमवारी संध्याकाळी ताडपत्री अंथरली गेली. गीताबाईची निवड झाली, सात किलो बाजूला निघाली. शिवराज वही उघडतोय तोच तिनं ती सात किलो परत आपल्या पोत्यात भरली आणि तोंड आवळलं.

"मावशी, ती इकडं राहू द्या."

"कामून? फेकायचीच हाय ना? मी फेकते की घरी जाऊन. तुमाला कशाला तरास?"

शेडच्या दाराशी पुंजारामबाबा बाजेवर बसला होता, त्यानं मान वर केली.

"मावशी, झाडं आमची हायेत, मिरची आमची हाय," शिवराज म्हणाला.

"कबूल. मंग तोडणी कुणाची? तुमच्या हिशेबात ही मिरची तोडलीच नाय, म्हणून पैसे नाय. बरं. मंग चला वाफ्यात, मी ती जिथून तोडली तिथं परत लावून देते. एकेक." बाया खुसुखुसू हसायला लागल्या. आशाबाई पदर तोंडात धरून डोळे वटारत होती.

"अवो, व्यापारी माझंबी कटतो ना!" शिवराज कळवळून म्हणाला.

"कटतो, खरंय. पण त्यानं तुमची मिरची नापास केली की तो ती ठेवून घेतो का तुमाला वापस देतो?"

"वापस देतो. ठेवून कसा घेईल? पैसे कुठं दिलेत त्यानं तिचे!"

शिवराजला आपण काय बोललो ते जरा उशिरानं कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, थेट नापास व्हाव्यात इतक्या.

गीताबाईनं कमरेची पिशवी काढली आणि त्यातून ती जांभळी चिंधी काढून वहीवर ठेवली. हातगाडीवाल्याकडून मागून आणली होती. "मुकुंदवाडीत चाळीस रुपये किलोनं गेली तुमची फेकलेली मिरची. पाव किलो मीच घेतली."

बाज करकरली. पुंजारामबाबा उठून आला. त्यानं चिंधी उचलून पाहिली, मग पोराकडे पाहिलं.

"इकतोस?"

"बाबा, अडत्या किलोला पंचवीस देतो फक्त..."

"आन बायांना सांगतोस फेकतो म्हणून." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, पण शिवराजनं वही मिटली. म्हातारा खाली बसला आणि गीताबाईच्या पोत्यातली सात किलो त्यानं ताडपत्रीवर ओतली. "गीताबाई, तुमीच सांगा. काय करायचं?"

हे तिला अपेक्षित नव्हतं. भांडायची तयारी तिनं रात्रभर केली होती, न्याय करायची नाही. ती खाली बसली. मिरच्यांतून तिनं मूठ-दोन मुठी वेगळ्या काढल्या: कुजकी टोकं, अळीनं पोखरलेल्या. "ह्या माझ्या चुकीच्या. बघून तोडायला पायजे होत्या. ह्यांचा एक पैसा नको." मग उरलेल्यांवर हात ठेवला. "ह्या वाकड्या हायेत, पण चांगल्या हायेत. दुबईला नाय गेल्या तर नाय गेल्या. ह्या तुमी बाजारात इकता, तर बाजारच्या तोडणीचे आठ द्या. नायतर आमाला घेऊन जाऊ द्या, आमीबी इकू."

शिवराजनं मनात हिशेब केला. तो सगळ्यांना त्याच्या चेहऱ्यावर दिसला. पंचवीसची मिरची हातची घालवायची, का आठ द्यायचे? यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. "आठ देतो," तो म्हणाला.

"आजपासून नाय," पुंजारामबाबा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. किती कटलं ते कसं कळणार आता?"

"वही हाय की!" आशाबाई एकदम बोलली. नऊ दिवस गप बसवणारी हीच ती बाई. "रोज लिहिलंय त्यानं. लई झ्याक लिहिलंय."

आणि खरंच, त्या मोत्यासारख्या अक्षरात नऊ जणींचं कटलेलं एकेक किलो वाट बघत बसलं होतं. शिवराजला ते स्वतःच्याच तोंडानं वाचून दाखवावं लागलं. गीताबाईचे आजचे धरून नऊ दिवसांचे निघाले एकाहत्तर किलो. आठानं पाचशे अडुसष्ट. तिनं नोटा दोनदा मोजल्या. पाळण्याला बत्तीस रुपये कमी होते, आणि अजून तीन दिवसांची तोडणी बाकी होती. तिचे डोळे भरून आले, तर तिनं ते मिरचीच्या हातानंच पुसले आणि मग सगळ्यांसमोर ओरडत हौदाकडे पळाली.

बाळ आलं, मुलगी झाली. पाळणा काळीपिवळीच्या टपावर चढून मुकुंदवाडीला पोचला. विहीणबाईंनी तो चारी बाजूंनी तपासला. नापास करण्याजोगं काही सापडेना, तेव्हा दांडीला बांधलेल्या जांभळ्या चिंधीकडे बोट केलं.

"नव्या पाळण्याला ही जुनी चिंधी कशाला? सोडू का?"

"राहू द्या," गीताबाई म्हणाली. "माझ्या कमाईची खूण हाय ती."